गल्लीतलं दुकान नकाशावर आणताना

माझ्या मामांचं मिरजेत मिक्सर, गिझर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की चौथा गाळा. दुकान जुनं असल्यामुळे जवळच्या चार गल्ल्यांना ते पाठ आहे. पण नव्या इमारतींत भाड्याने आलेली माणसं, हॉस्टेलवरची मुलं आणि दवाखान्यांत नोकरीला आलेली कुटुंबं शेजारी चौकशी करत नाहीत. मिक्सर बंद पडला की ती फोन काढतात आणि ‘mixer repair near me’ असं टाइप करतात. नकाशावर तीन दुकानं वर येतात. मामांचं दुकान त्या तिन्हींत नव्हतं, आणि खाली सरकवत गेलं तरी सापडत नव्हतं. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी बसून ती नोंद नीट केली. त्यात काय जमलं आणि काय चुकलं ते सांगतो. दुरुस्तीचं दुकान असो, केशकर्तनालय असो की ब्युटी पार्लर, वाट थोड्याफार फरकाने हीच आहे.

ही नोंद म्हणजे गुगलचं ‘बिझनेस प्रोफाइल’. २०२१ पर्यंत तिला ‘गुगल माय बिझनेस’ म्हणत, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये ते नाव ऐकू येतं. तेव्हाचं वेगळं अॅपही आता बंद झालं आहे. सगळं काम नकाशाच्या साध्या अॅपमधून, नाहीतर business.google.com वरून होतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. हे आधीच सांगतो, कारण नोंद झाली की फोन सुरू होतात. मामांनाही आला होता: ‘तुमचं लिस्टिंग बंद पडणार आहे, नूतनीकरणाचे पैसे भरा.’ नोंदीला नूतनीकरण नसतं. असा फोन आला तर पैसे देऊ नका, आणि मोबाइलवर आलेला पडताळणीचा कोड तर कुणालाही सांगू नका. तो कोड ज्याच्या हातात गेला, त्याच्या हातात दुकानाची नोंद गेली.

पहिलं काम नवी नोंद करण्याचं नाही, जुनी शोधण्याचं आहे. नकाशावर दुकानाचं नाव मराठीत टाका, इंग्रजीत टाका, वेगवेगळी स्पेलिंगं करून पाहा, फोन नंबर टाकून पाहा. मग नकाशा मोठा करून आपल्या गल्लीतल्या खुणा एकेक दाबून बघा. एखादं गिऱ्हाईकही नकाशावर जागा जोडू शकतं, म्हणून बऱ्याच दुकानांची नोंद मालकाला न कळता आधीच झालेली असते. मामांची होती. नाव नुसतं ‘Mixer Repair’, खूण मुख्य रस्त्यावरच्या मेडिकलसमोर, आणि खाली तीन-चार जणांचे चांगले अभिप्राय. मामा म्हणाले, ‘हे चुकीचं आहे, नवीन करू.’ तसं केलं असतं तर एका दुकानाच्या दोन नोंदी झाल्या असत्या, अभिप्राय जुन्यापाशीच राहिले असते आणि नवी नोंद डुप्लिकेट म्हणून अडकण्याची शक्यता होती. जुन्या नोंदीवर ‘Claim this business’ असं दिसतं, ते दाबून तीच आपल्या ताब्यात घ्यायची. ती आधीच दुसऱ्या कुणाच्या खात्यावर असेल, समजा दुकान सोडून गेलेल्या कारागिराच्या, तर तिथूनच ताबा मागता येतो. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. तो गप्प राहिला, तर बऱ्याचदा स्वतः पडताळणी करून नोंद घेण्याचा पर्याय मिळतो.

ताबा कोणत्या ई-मेल खात्याने घ्यायचा, हा प्रश्न इथे लोक फार हलक्यात घेतात. मोबाइल दुकानातला ओळखीचा मुलगा म्हणतो, ‘काका, मी माझ्यावरून करून देतो.’ तो पुढे पुण्याला गेला की साधा फोन नंबर बदलायलाही त्याच्यामागे धावावं लागतं. खातं मालकाचं स्वतःचं हवं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. मदत करणाऱ्याला व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. तो नोंदीत बदल करू शकतो, पण मालकाला काढू शकत नाही. मामांचं खातं मामांचंच ठेवलं आणि मामेभावाला व्यवस्थापक केलं.

आता नाव. पाटीवर जे आहे तेच नोंदीत लिहायचं, त्याला शेपूट जोडायचं नाही. पाटीवर ‘श्री इलेक्ट्रिकल्स’ असेल तर नोंदीतही तेवढंच. ‘श्री इलेक्ट्रिकल्स – मिक्सर गिझर रिपेअर मिरज नंबर वन’ असं लिहिलं तर काही दिवस फायदा होतो हे खरं आहे, आणि शेजारच्याने तसं केलेलं दिसलं की हात शिवशिवतात. पण गुगलच्या नियमात ते बसत नाही. कुणी तक्रार केली किंवा तपासणीत सापडलं, तर नाव बदललं जातं, नाहीतर नोंदच थांबवली जाते. महाराष्ट्रात २०२२ पासून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, त्यामुळे बहुतेकांच्या पाटीवर मराठी नाव असतंच, शेजारी इंग्रजीही असतं. दोन्ही असतील तर लोक ज्या लिपीत तुमचं नाव जास्त टाइप करतात ती निवडा.

‘मग मी मिक्सर दुरुस्त करतो हे कळणार कसं?’ हा मामांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर वर्गवारीत, म्हणजे category मध्ये आहे. सगळ्या नोंदीत सर्वांत जास्त विचार करावा अशी हीच एक जागा. गुगल आपल्याला मनाचे शब्द लिहू देत नाही. ठरलेल्या यादीतून एक मुख्य वर्ग निवडायचा आणि हवे तर आणखी नऊपर्यंत जोडायचे. या वर्गांची नावं वाचणाऱ्याच्या भाषेत आपोआप दिसतात, म्हणून इंग्रजीत निवडलेला वर्ग मराठीत शोधणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

मामांच्या जुन्या नोंदीत मुख्य वर्ग होता Electrical supply store, म्हणजे वायर, बल्ब, बटणं विकणारं दुकान. पाटीवर ‘इलेक्ट्रिकल्स’ वाचून कुणीतरी तो टाकला असणार. त्यामुळे दुरुस्ती शोधणाऱ्याला दुकान दिसत नव्हतं, आणि जे फोन येत त्यांतले बरेच ‘नऊ वॅटचा बल्ब आहे का?’ असे. नको ते विचारणारे फोन वारंवार येत असतील, तर वर्ग चुकला आहे असं समजा. आम्ही मुख्य वर्ग Small appliance repair service केला आणि जोडीला Appliance repair service घेतला. मामा चार बल्ब आणि होल्डर विकतातही, पण म्हणून दुकानाचा वर्ग जोडला नाही. मुख्य वर्ग ठरवताना मी त्यांना विचारलं होतं, ‘मामा, महिन्याच्या शेवटी घरभाडं कशाच्या पैशातून निघतं?’ ते म्हणाले, ‘मिक्सरच्या.’

दुचाकीच्या गॅरेजसाठी Motorcycle repair shop, मोबाइलसाठी Mobile phone repair shop असे नेमके वर्ग आहेत. सलूनवाल्यांनी जरा जपून निवडावं. पुरुषांची दाढी-कटिंग हेच काम असेल तर Barber shop, केसांचंच काम मुख्य असेल तर Hair salon, आणि आयब्रो, वॅक्सिंग, फेशियल हे मुख्य असेल तर Beauty salon. माझ्या मावसबहिणीच्या पार्लरला सुरुवातीला Hair salon लावलं होतं. पुरुष फोन करून कटिंगचा दर विचारायचे आणि ती वैतागायची. वर्ग बदलल्यावर ते कमी झालं.

वर्गानंतर सेवांची यादी येते आणि इथे मात्र आपल्या शब्दांत लिहिता येतं. मामांनी सांगितलं तसं मी लिहीत गेलो: जारचं ब्लेड आणि बुश बदलणे, कपलर बदलणे, कार्बन ब्रश, आर्मेचर रिवाइंडिंग, गिझरचं एलिमेंट आणि थर्मोस्टॅट, इस्त्रीची वायर. गिऱ्हाइकाला आर्मेचर माहीत नसतं, म्हणून त्याच्या तोंडचंही लिहिलं: ‘मिक्सर फिरतो पण जार फिरत नाही’, ‘मिक्सरमधून जळका वास’. दर निश्चित असेल तिथेच टाका, बाकीचे रिकामे ठेवा. व्यवसायाच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात स्तुती करण्यापेक्षा गल्लीची खूण, किती दिवसांत वस्तू मिळते आणि कोणत्या वस्तू घेत नाही हे लिहिणं कामाचं. मामा मायक्रोवेव्ह घेत नाहीत, ते लिहिल्यावर तो घेऊन येणाऱ्यांचा हेलपाटा वाचला.

खूण, म्हणजे पिन, योग्य जागी नेण्यासाठी उपग्रहाचं चित्र लावा, पुरेसं मोठं करा आणि पिन आपल्या शटरवर आणा. इमारतीच्या मध्यावर ठेवू नका. इमारतीची मागची भिंत दुसऱ्या रस्त्याला लागून असेल, तर वाट दाखवणारं अॅप माणसाला त्या भिंतीपाशी नेऊन सोडतं आणि ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणतं. पारख करायची तर दुकान न पाहिलेल्या कुणाला तरी नुसतं नकाशावरून यायला सांगा आणि तो कुठे थांबतो ते पाहा. आमचा पहिला पाहुणा शेजारच्या बोळात शिरला होता.

वेळ लिहिताना खरी वेळ लिहा. मामा दुपारी दोन ते चार जेवायला घरी जातात. एका दिवसाला दोन वेळा लिहिता येतात: सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी चार ते साडेआठ. सलग दहा ते साडेआठ लिहिलं, तर तीन वाजता उन्हातून मिक्सर घेऊन आलेला माणूस बंद शटर बघून परत जातो, आणि तोच खाली एक तारा देतो. गणपती, दिवाळी, गावची जत्रा अशा दिवसांसाठी special hours वेगळे भरता येतात. ते आधीच्या आठवड्यात भरून ठेवावेत.

आता पडताळणी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दुकान खरंच आहे आणि ते तुमचंच आहे, हे दाखवल्याशिवाय तुम्ही भरलेली माहिती लोकांना दिसत नाही. पडताळणी फोनने, ई-मेलने, पोस्टाने की व्हिडिओने, हे गुगल ठरवतं, आपण नाही. हल्ली बऱ्याच जणांना व्हिडिओच मागितला जातो. तो मोबाइलवर त्याच वेळी काढायचा असतो, एका दमात, किमान तीस सेकंदांचा, मध्ये न थांबवता. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: दुकान कुठे आहे, तिथे खरंच हा धंदा चालतो का, आणि व्हिडिओ काढणारा माणूस ते चालवतो का.

आमचा पहिला व्हिडिओ नाकारला गेला आणि चूक आमचीच होती. मामेभावाने गल्ल्यापाशी उभं राहून सुरुवात केली, कपाटं दाखवली, पाटी दाखवली आणि संपवलं. रस्ता कुठे दिसलाच नाही. हे मिरजेतलं दुकान आहे की आणखी कुठलं, पाहणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पुन्हा काढला. मुख्य रस्त्यावरून सुरुवात, मेडिकलची पाटी, गल्लीचं वळण, शेजारचे गाळे, मग मामांच्या दुकानाची पाटी सावकाश. तिथून कॅमेरा कुलपावर: मामांनी स्वतःच्या किल्लीने कुलूप काढलं आणि शटर वर केलं. आत कामाचं टेबल, उघडलेले मिक्सर, रिवाइंडिंगचं मशीन, शेवटी दुकानाचं नाव छापलेलं बिलबुक. सगळं मिळून सव्वा मिनिट. कुलूप उघडणं हा यातला महत्त्वाचा भाग, कारण किल्ली मालकाकडेच असते. पार्लरमध्ये हेच काम सामानाचं कपाट उघडून किंवा बिलिंगचं मशीन सुरू करून होतं. गिऱ्हाइकांचे चेहरे, आधार कार्ड, बँकेचे नंबर यांतलं काही दिसू देऊ नका. तपासणीला पाच कामाचे दिवस लागू शकतात. त्या काळात नाव-पत्ता पुन्हापुन्हा बदलत बसू नका, पडताळणी परत करावी लागू शकते.

घरात पार्लर चालवणाऱ्या बायकांचा इथे वेगळाच पेच असतो. गिऱ्हाईक घरी येत असेल तर पत्ता दाखवायचा, पण त्या जागी नावाची कायमची पाटी असावी असा नियम आहे. सोसायटी खाली बोर्ड लावू देत नसेल तर निदान दारावर नावाची पाटी लावा आणि व्हिडिओत ती घ्या. तुम्हीच गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वधूचा मेकअप किंवा मेंदी करत असाल, तर पत्ता लपवून ‘सेवाक्षेत्र’ निवडायचं. त्यात वीसपर्यंत भाग लिहिता येतात. एकट्या राहणाऱ्या किंवा लहान मुलं असलेल्या बाईने घरचा पत्ता जगाला दाखवण्यापूर्वी हा दुसरा पर्याय नीट विचारात घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

नोंद दिसू लागली आणि दोन महिन्यांनी आमचं एकदा भलतंच झालं. मामेभावाने उत्साहाने नावापुढे ‘मिक्सर गिझर रिपेअर’ जोडलं. आठवड्याभरात नोंद थांबवली गेली. नकाशावरून दुकान गायब, अभिप्राय गायब. अशा वेळी घाबरून नवी नोंद करायची नाही. आधी नाव पाटीप्रमाणे परत करायचं, मग अपील करायचं. अपील दाखल केल्यावर कागदपत्रं जोडायचा अर्ज उघडतो आणि तो उघडल्यापासून साठ मिनिटांत पुरावे चढवावे लागतात. म्हणून आधी कागद गोळा करा, त्यांचे फोटो काढून ठेवा, मगच बटण दाबा. मामांचं वीजबिल गाळामालकाच्या नावावर होतं, त्याचा उपयोग नव्हता. कामाला आली ती शॉप अॅक्टची पावती. राज्याच्या २०१७च्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. त्या पावतीवर, पाटीवर आणि नोंदीत नाव व पत्ता अक्षरशः एकच होता, म्हणून काम झालं. तुमच्या कागदावर ‘श्री इलेक्ट्रिक वर्क्स’ आणि पाटीवर ‘श्री इलेक्ट्रिकल्स’ असेल, तर ते आजच जुळवून घ्या.

अभिप्रायांबद्दल थोडं. नोंदीत ‘Ask for reviews’ दाबलं की एक लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून गल्ल्यापाशी लावला. पण नुसता लावून कुणी लिहीत नाही. दुरुस्त झालेला मिक्सर मामा गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवतात, त्या क्षणी ते म्हणतात, ‘ताई, काय दुरुस्त केलं ते दोन ओळींत लिहाल का?’ काय दुरुस्त केलं, हे शब्द मुद्दाम आहेत. ‘छान सेवा’ यापेक्षा ‘गिझरचं एलिमेंट बदलून दिलं’ हे पुढच्या वाचणाऱ्याला उपयोगी, आणि असे शब्द शोधाच्या निकालाखाली कधीकधी दिसतातही. अभिप्रायाच्या बदल्यात सूट द्यायची नाही, ते नियमाबाहेर आहे. खूश गिऱ्हाइकालाच विचारायचं आणि नाराजाला टाळायचं, हेही नियमात बसत नाही.

एकाने लिहिलं होतं, ‘दोन महिन्यांत मिक्सर परत बंद पडला.’ मामा चिडले. ‘अरे, त्याने ओली चटणी सलग दहा मिनिटं फिरवली असणार!’ तसं लिहायचं नाही, असं मी त्यांना विनवलं. आम्ही लिहिलं: ‘मिक्सर घेऊन या, काय झालं ते तुमच्यासमोर उघडून बघतो. रिवाइंडिंगमध्ये दोष असेल तर पैसे घेणार नाही.’ तो माणूस आला. कार्बन ब्रश झिजला होता. उत्तर त्या एकासाठी नसतं, ते वाचणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी असतं.

एवढं सगळं केलं तरी एक मर्यादा राहते आणि ती मान्य करावी. कोण वर दिसणार हे गुगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकान किती नावाजलेलं आहे ते. जुळणी वर्गाने सुधारते, नावलौकिक अभिप्रायांनी हळूहळू वाढतो, पण अंतर आपल्या हातात नाही. सांगलीच्या विश्रामबागेत बसून शोधणाऱ्याला मिरजेतल्या गल्लीतलं दुकान वर दिसणं कठीण आहे, आणि तसं करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. दुकानात बसून स्वतःच्या फोनवर शोधून खूश होणंही फसवं, कारण तिथे अंतर शून्य असतं. अर्धा किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या फोनवर, दुकानाचं नाव न टाकता शोधा. शिवाय नोंदीतल्या Performance मध्ये लोकांनी काय शोधलं, किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला हे दिसतं. मामांच्या यादीत पूर्वी दुकानाचं नावच वर असे, म्हणजे ओळखीचेच लोक शोधत होते. वर्ग बदलल्यावर तिथे मिक्सर आणि गिझर दुरुस्तीचे शब्द येऊ लागले. मला तरी खरी खूण तीच वाटते.

महिन्यातून एकदा नोंद उघडून बघावी. नकाशावर कुणीही बदल सुचवू शकतं. वेळ, नंबर, अगदी ‘कायमचं बंद’ असा शेराही. मामा आजारी असताना दहा दिवस शटर खाली होतं, तेव्हा कुणीतरी तोच शेरा सुचवला होता. वेळेत दिसलं म्हणून तो काढता आला. अशा वेळी आपणच तात्पुरतं बंद असल्याचं लावून ठेवावं.

पुढच्या वर्षी मामा दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या गाळ्यात जाणार आहेत. तेव्हा नवी नोंद करायची नाही, याच नोंदीत पत्ता बदलायचा आणि पिन सरकवायची. व्हिडिओ पुन्हा मागितला तर काढून देऊ. त्यासाठी नवी पाटी आधी लागायला हवी, म्हणून पाटीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे.